श्वासाएवढी ओळ

लग्नात बोलणाऱ्या माणसाला 'काय बोलू?' हा प्रश्न महिनाभर आधीपासून छळत असतो. 'कशावर बघून बोलू?' हा प्रश्न त्याला स्टेजवर चढल्यावर पडतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. हातात चार घड्या घातलेला कागद, त्यावर बारीक टायपात ठासून भरलेले परिच्छेद, समोर दिवे, दुसऱ्या हातात माईक. माणूस खाली बघतो, ओळ सापडते. वर बघतो, माणसं दिसतात. पुन्हा खाली बघतो तर ओळ हरवलेली. असं एकदोनदा झालं की तो वर बघणंच सोडून देतो आणि शेवटपर्यंत कागद वाचतो. जिवाच्या माणसासाठी लिहिलेलं भाषण अहवालासारखं ऐकू येतं.

मी निवेदनाची कामं करते. हे मी स्टेजच्या कडेला उभं राहून पुष्कळदा पाहिलं आहे आणि दर वेळी त्या माणसासाठी जीव तुटला आहे. म्हणून माझ्या भाचीचं लग्न ठरलं आणि "टोस्ट मी देणार, शेवटी ग्लास मीच उंचावणार" असं दादाने जाहीर केलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, "दादा, तू लिही. बघून बोलायची कार्डं मी करते."

दादाने लिहिलेलं मला मनापासून आवडलं. ४३० शब्द होते, दीड पान. मजकुरात खोट नव्हती, पण तो डोळ्यांसाठी लिहिलेला होता. त्यातलं हे दुसरंच वाक्य बघा:

"जिच्या जन्माच्या वेळी मी परगावी नोकरीला असल्यामुळे जिला पहिल्यांदा पाहण्यासाठी मला अकरा दिवस वाट पाहावी लागली, ती माझी मुलगी आज तिने स्वतः निवडलेल्या जोडीदारासोबत नवीन आयुष्याची सुरुवात करीत असताना तिच्याविषयी बोलण्याची संधी मला मिळत आहे, याचा मला मनापासून आनंद होत आहे."

कागदावर हे वाक्य चालतं, कारण वाचणारा हवं तर मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'जिच्या'पासून 'होत आहे'पर्यंत त्याला सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि बोलणाऱ्याला तोवर श्वास पुरवावा लागतो. दादाचा श्वास 'जोडीदारासोबत'च्या आसपास संपत होता. तिथे तो मध्येच श्वास घ्यायचा आणि वाक्य नको तिथे तुटायचं.

कार्डं करायची म्हणजे हाच मजकूर मोठ्या अक्षरात छापून त्याचे तुकडे कापायचे, असं बहुतेकांना वाटतं. तसं केलं तर हे वाक्य दीड कार्डभर पसरतं आणि पंचाईत आहे तिथेच राहते. ओळ आखूड करायला बसलं की वाक्यच आखूड करावं लागतं, आणि वाक्य आखूड करताना कळतं की त्यात सांगण्यासारखं नेमकं काय आहे. वरच्या वाक्यात सांगण्यासारखं आहे ते अकरा दिवस. 'संधी मिळत आहे' आणि 'आनंद होत आहे' हे कुणीही, कुठल्याही प्रसंगी म्हणतो.

मग मी त्याला कागद बाजूला ठेवायला लावला. "मला सांग, कसं झालं होतं?" असं विचारलं आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. तो सांगायला लागला. समोर बहीण होती, माईक नव्हता, त्यामुळे 'असल्यामुळे' आणि 'असताना' आपोआप गळून पडले. ते रेकॉर्डिंग ऐकत मी तो जिथे जिथे थांबला तिथे ओळ तोडत गेले. वरच्या अख्ख्या वाक्याचं कार्डावर हे झालं:

हिचा जन्म झाला
तेव्हा मी परगावी होतो.

मला ती पहिल्यांदा दिसली
अकराव्या दिवशी.
//
आज ती इथे बसली आहे
तिने स्वतः
निवडलेल्या जोडीदाराशेजारी.

'अकराव्या दिवशी' हे शब्द मूळ वाक्यात मध्येच कुठेतरी दडले होते. बोलताना दादाने ते शेवटी टाकले, क्रियापदाच्याही नंतर. शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकात तो क्रम बसणार नाही, पण मराठी माणूस गोष्ट सांगताना असंच बोलतो: महत्त्वाचं ते मागे ठेवतो. मी ते तसंच ठेवलं. लिहिलेलं 'केले, झाले' हे बोलण्यातल्या 'केलं, झालं'मध्ये बदलणं ही तर पहिली पायरी. कार्डावर 'पाहिले' लिहिलेलं असेल तर माणूस 'पाहिले'च वाचतो, आणि त्या एका मात्रेने घरातला आवाज सरकारी होतो.

ओळ कुठे तोडायची याचे थोडे नियम आहेत. एका ओळीत एका दमात म्हणता येईल एवढंच. दादासाठी ते तीन ते पाच शब्द निघाले. विशेषण आणि त्याचं नाम वेगळ्या ओळींत टाकायचं नाही. 'आईच्या' एका ओळीत आणि 'समोर' दुसरीत, असं कधीच करायचं नाही, कारण ओळ संपली की आवाज आपोआप खाली येतो आणि 'आईच्या' हा शब्द अधांतरी लटकतो. 'सांगून टाकलं', 'रडू लागली' अशी जोडीने येणारी क्रियापदंही एकत्रच राहिली पाहिजेत. 'पण', 'म्हणून', 'तर' हे शब्द नव्या ओळीच्या सुरुवातीला चांगले बसतात, कारण डोळा तिथे पोचला की आवाजाला वळण कळतं. 'की'चं मात्र वेगळं. आपल्यातले कितीतरी जण 'मला वाटलं की' म्हणून थांबतात आणि मग पुढचं सांगतात. दादाही त्यातलाच. त्याच्या कार्डांवर 'की' ओळीच्या शेवटी आला. दुसऱ्या कुणाची कार्डं असती तर कदाचित पुढच्या ओळीत गेला असता. कार्ड त्या माणसाच्या तोंडाप्रमाणे असावं लागतं, म्हणून एकाची कार्डं दुसऱ्याला चालत नाहीत.

या सगळ्यात ४३० शब्दांचे ३०० झाले. दादाला आधी वाईट वाटलं. पण दोन्ही वाचून दाखवल्यावर त्याने स्वतःच आणखी एक वाक्य काढलं.

आता अक्षरं. दादाचं वय साठीच्या पुढे आहे आणि तो प्रोग्रेसिव्ह चष्मा लावतो, म्हणजे वरच्या भागातून लांबचं आणि खालच्या भागातून जवळचं दिसतं तो. खालचा भाग साधारण ४० सेंटिमीटरवरच्या पुस्तकासाठी असतो. उभं राहून छातीपुढे कार्ड धरलं की ते डोळ्यांपासून ५५ ते ६० सेंटिमीटरवर जातं. टेबलावर किंवा पोडियमवर ठेवलं तर आणखी लांब. म्हणजे कार्ड चष्म्याच्या मधल्या अरुंद पट्ट्यात येतं, आणि तिथे ते नीट दिसावं म्हणून माणूस हनुवटी वर-खाली करत राहतो. त्यात अंतर दीडपट झालं की अक्षरही दीडपट लागतं. दादाला पुस्तकाच्या अंतरावर १६ पॉइंट आरामात वाचता येतात, म्हणून ६० सेंटिमीटरला २४ लागतील. त्यावर घबराट आणि कमीजास्त उजेडासाठी थोडी भर घालून मी २६ धरले.

हा आकडा मात्र फॉण्ट बघूनच ठरवावा. २६ पॉइंट म्हणजे वरच्या वेलांटीपासून खालच्या उकारापर्यंत सगळं धरून मोजलेली जागा. देवनागरीत त्यातला बराच भाग मात्रा, रफार आणि उकार खातात, अक्षराचं अंग मधे उरतं तेवढंच. शिवाय काही फॉण्ट मुळातच लहान काढलेले असतात. Kokila मध्ये २६ घेतले तर ते Mukta किंवा Noto Sans Devanagari मधल्या २६ पेक्षा बरेच बारीक दिसतात. मी Mukta घेतला, मध्यम जाडीचा. ठळक केला तर लांबून चांगला दिसेल असं वाटतं, पण 'क्ष', 'ष्ट', 'द्ध' अशा जोडाक्षरांच्या आतली पोकळी भरून जाते आणि नेमकी तीच अक्षरं काळा डाग होतात. दोन ओळींत अंतर दीडपट ठेवलं. त्याहून कमी असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

ओळी डाव्या कडेला लावलेल्या. दोन्ही कडा सारख्या केल्या तर शब्दांमधली फट ताणली जाते, आणि घाबरलेल्या डोळ्याला ती फट थांबायची खूण वाटते. मधोमध लावल्या तर दर ओळीची सुरुवात नव्या जागी शोधावी लागते. शब्दावर जोर द्यायचा असेल तर आपण अधोरेखित करतो, तेही इथे नडतं: खालची रेघ 'ु' आणि 'ू' यांना कापत जाते. रंगीत शाईही नको. स्टेजवर लाल दिवा असला तर लाल अक्षर कागदात विरून जातं, आणि पिवळ्या उजेडात पिवळा मार्कर दिसतच नाही. जोराचा शब्द मी त्या ओळीत एकटा ठेवला. एकट्या शब्दावर जोर द्या म्हणून वेगळं सांगावं लागत नाही.

आता थांबे. कार्डांचं सगळ्यात नाजूक काम हेच आहे.

माझ्या मनात पहिल्यांदा दंड आला होता. एक उभा दंड म्हणजे छोटा थांबा, दोन म्हणजे मोठा. ओव्या-अभंग वाचलेल्या आपल्या डोळ्यांना ती खूण पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची आहे. पण मोठ्या टायपात, घाईच्या नजरेला, 'घर' या शब्दापुढचा दंड काना वाटतो आणि माणूस 'घरा' वाचून जातो. म्हणून तिरकी रेघ. ती देवनागरीतल्या कुठल्याच अक्षरासारखी दिसत नाही.

खुणा मी तीनच ठेवल्या. एक तिरकी रेघ म्हणजे श्वास. ती फक्त तिथे, जिथे ओळ संपल्यावरही माणूस धावत सुटण्याची शक्यता आहे. एरवी ओळ संपणं हाच छोटा थांबा असतो आणि त्याला वेगळी खूण लागत नाही. मधे एक मोकळी ओळ असेल तर विचार बदलतोय. दोन तिरक्या रेघा म्हणजे खरीखुरी शांतता, साधारण दोन सेकंद. ही खूण एकटी एका ओळीत बसते, कुठल्याही शब्दाला चिकटून नाही. तिसरी खूण म्हणजे एक मोकळं वर्तुळ: इथे लोक हसतील, वर बघ.

थांब्याच्या जागी 'थांबा' असं शब्दात लिहू नये. घाबरलेला माणूस कार्डावर जे दिसेल ते वाचतो. 'थोडं थांबून' हे शब्द माईकवर मोठ्याने उच्चारले गेलेले मी ऐकले आहेत. सूचना लिहायचीच असेल तर उजव्या कोपऱ्यात, चौकटीत, बारीक अक्षरात, आणि तीही वाचली गेली तरी बिघडणार नाही अशी.

दोन सेकंद फारसे नसतात, पण बोलणाऱ्याला ते फार लांब वाटतात. समोर सगळे गप्प, आपणही गप्प, आणि आपण काहीतरी विसरलो असं लोकांना वाटत असेल ही भीती. त्यामुळे माणूस अर्ध्या सेकंदातच पुढे निघतो. दादाला मी मनातल्या मनात आकडे मोजायला सांगितलं तर त्याचे ओठ हलायला लागले. त्यापेक्षा बुटाच्या आत अंगठा दोनदा दाबायचा, सावकाश. ते कुणाला दिसत नाही आणि शरीराला करायला काहीतरी काम मिळतं. एका कार्डावर दोन रेघांची खूण एकदाच, हे मी कटाक्षाने पाळलं. सगळीकडे शांतता पेरली की नेमकी कुठली शांतता महत्त्वाची ते कुणालाच कळत नाही.

जावयाच्या किश्श्यात या खुणांचा खरा कस लागला. दादाने लिहिलं होतं: "तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याला विचारण्यासाठी मी तीन प्रश्न तयार ठेवले होते, परंतु तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्याऐवजी हिनेच दिली." यात गंमत 'हिनेच'मधल्या त्या 'च'मध्ये आहे. तिच्याआधी 'त्याच्याऐवजी' म्हटलं की गुपित फुटतं, लोकांना पुढचं कळतं. म्हणून तो शब्द काढला.

तो पहिल्यांदा घरी आला.
मी तीन प्रश्न
काढून ठेवले होते. /

तिन्हींची उत्तरं
//
हिनेच दिली.
○

थांबा 'उत्तरं' आणि 'हिनेच' यांच्या मधे आहे, वाक्य अजून पुरं न होता. तिथे दोन सेकंद थांबलं की लोक स्वतःच अंदाज बांधायला लागतात. पुढे वर्तुळ. हसण्याची लाट येते, चढते, उतरते. ती पूर्ण विरेपर्यंत थांबलं तर मधे पोकळी पडते, आणि चढत असताना बोललं तर पुढचे शब्द ऐकूच जात नाहीत, शिवाय लोक हसू आवरतात. निम्मी उतरली की पुढची ओळ घ्यायची. आणि हसू आलंच नाही तर? वर्तुळाचा अर्थ मुळात 'वर बघ' एवढाच आहे. बघायचं, कुणी हसत नसेल तर एक श्वास घेऊन पुढे जायचं. तिथे 'हशा' असं लिहिलं असतं तर हशा न आल्यावर माणूस खचला असता.

हा किस्सा पहिल्या मसुद्यात दोन कार्डांवर तुटत होता. पान भरलं की संगणक मजकूर पुढच्या पानावर ढकलतो, त्याला गंमत कळत नाही. 'तिन्हींची उत्तरं' एका कार्डाच्या तळाशी आणि 'हिनेच दिली' पुढच्याच्या माथ्यावर. तालमीत दादा कार्ड उलटायला खाली बघायचा, आणि ज्या क्षणी त्याने मुलीकडे बघायला हवं त्या क्षणी त्याची नजर अंगठ्यावर असायची. म्हणून कार्ड कुठे संपवायचं ते हाताने ठरवायचं. वाक्य दोन कार्डांत तोडायचं नाही, किस्साही नाही. कार्ड अर्धं रिकामं राहिलं तरी चालेल. उलटायला जो वेळ लागतो तो आपोआप एक मोठा थांबा होतो, म्हणून जिथे मोठा थांबा शोभेल तिथेच कार्ड संपलं पाहिजे.

कार्डाचा आकार मी ए-फाइव्ह घेतला, १४८ बाय २१० मिलिमीटर, उभा. ए-फोर मधोमध कापला की झाला. दोन्हीकडे १५ मिलिमीटर समास सोडून २६ पॉइंटमध्ये एका ओळीत तीनचार शब्द बसतात, आणि आपल्याला ओळी तेवढ्याच हव्या आहेत. खालचा जवळजवळ ६० मिलिमीटर भाग कोरा ठेवला. त्याची दोन कारणं. तिथे अंगठा येतो, आणि मजकूर वरच्या भागात असला की नजर फार खाली जात नाही, चेहरा लोकांसमोर राहतो. अशा रीतीने मोकळ्या ओळी धरून एका कार्डावर सरासरी २७ शब्द बसले, ३०० शब्दांची अकरा कार्डं झाली, आणि शेवटच्या सूचनांचं एक धरून बारा. दादा मिनिटाला १०० शब्दांच्या आसपास बोलतो. म्हणजे शब्दांना तीन मिनिटं, थांबे, हसू आणि कार्डं उलटणं मिळून साडेचार. टोस्टला तेवढं पुरे.

कागद २५० जीएसएमचा, मॅट. पातळ कागद हाताची बारीकशी थरथर मोठी करून दाखवतो आणि माईकजवळ खडखडतो. जाड कार्ड यातलं काहीच करत नाही. चकचकीत कागदावर दिव्याचा झोत पडला की अर्धी ओळ पांढरी होते. छपाई एकाच बाजूला, डाव्या वरच्या कोपऱ्यात भोक पाडून सगळी कार्डं एका कडीत ओवलेली, आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात '३/१२' असा मोठा आकडा, म्हणजे किती उरलं तेही कळतं. प्रत्येक कार्डावर मजकुराच्या लगेच खाली, बारीक अक्षरात, पुढच्या कार्डाचा पहिला शब्द. जुन्या छापील पुस्तकांत पानाच्या तळाशी असा पुढच्या पानाचा शब्द दिलेला असे. ती युक्ती इथे उपयोगी पडते, कारण कार्ड उलटायच्या आधीच तोंडाला पुढचा शब्द माहीत असतो.

"फोनवरच वाचलं तर?" असं भाचीने विचारलं होतं. फोनचा पडदा मंद होतो, मधेच कुणाचा फोन येतो, आणि मोठ्या अक्षरात मजकूर सरकवत राहावं लागतं. सरकता मजकूर थांबे पाळू देत नाही.

नवव्या कार्डावर आमची आई होती.

आमची आई आज असती
तर पहिल्या रांगेत बसली असती.

एवढंच. तालमीत दादा इथे दर वेळी अडायचा. 'आई' म्हटलं की घसा बंद. ते वाक्य काढून टाकू का, असं त्याने विचारलं. मला ते हवं होतं, त्यालाही हवंच होतं. मग आम्ही ते बोलता येईल असं करत बसलो. पहिल्या मांडणीत थांबा वाक्यानंतर होता, म्हणजे तो भरल्या श्वासाने धावत त्या शब्दावर आदळायचा. मी थांबा आधी आणला, कार्डाच्या अगदी माथ्यावर, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत 'श्वास सोड' असं लिहिलं. 'श्वास घे' नव्हे. घाबरलेला माणूस श्वासावर श्वास घेत जातो, छाती गच्च होते आणि आवाज वर चढतो. आधी पूर्ण सोडला की पुढचा आपोआप खोल येतो. दुसरं, वाक्याचा क्रम बदलला:

//
आज पहिल्या रांगेत
अजून एक जण बसलं असतं. /

आमची आई.

आता अवघड शब्द शेवटी आला. तिथवर वाक्य पार पडलेलं असतं, आणि त्या दोन शब्दांवर आवाज फुटला तरी अर्थ पोचतो. त्यानंतर कार्ड संपतं. पुढचं कार्ड उलटायला जो वेळ लागेल तो सावरायला मिळतो, आणि कुणाला तो वेगळा वाटत नाही. चौकटीत आणखी एक सूचना होती: 'मागची भिंत'. म्हणजे त्या ओळीला मुलीकडे बघायचं नाही, माझ्याकडे तर नाहीच. सगळ्यात मागच्या रांगेच्या डोक्यावरून बघायचं. लोकांना तो सगळ्यांकडे बघतोय असंच वाटतं.

तालमी उभ्याने घेतल्या, लग्नात घालायचे तेच बूट घालून, डाव्या हातात कार्डं आणि उजव्या हातात माईक म्हणून एक टॉर्च. खुर्चीत बसून वाचलेलं भाषण स्टेजवर वेगळंच निघतं, कारण बसल्यावर श्वास वेगळा असतो आणि कार्डही जवळ असतं. जिथे तो अडखळेल तिथे पेन्सिलने टिंब. एकाच जागी पुन्हा टिंब पडलं की मी ओळ बदलायची, त्याला 'नीट म्हण' असं सांगायचं नाही. 'आयुष्यभराच्या सोबतीसाठी' हे असंच 'आयुष्यभर / सोबत राहा' झालं. व्याहीमंडळींची नावं मी पूर्ण, मधली अक्षरं न गाळता छापली, कारण माणूस कितीही ओळखीचा असला तरी स्टेजवर नाव हमखास विसरायला होतं.

तालमीतच शेवटच्या कार्डाचा पेच लक्षात आला. टोस्ट संपवताना ग्लास उंचवायचा. एका हातात कार्डं, दुसऱ्यात माईक. ग्लास कुठल्या हातात? बहुतेक टोस्ट इथेच विस्कटतात. माणूस कार्डं काखेत खुपसतो, माईक ग्लासाला आपटतो, आणि शेवटचं वाक्य कुणाला ऐकू जात नाही. माईक स्टँडवर असेल तर प्रश्न मिटतो, पण ते आधी नक्की सांगता येत नाही. म्हणून बाराव्या कार्डावर वाक्य नव्हतंच, फक्त तीन पायऱ्या होत्या:

[ कार्डं टेबलावर ]
[ ग्लास डाव्या हातात ]
[ वर बघ ]

शेवटची ओळ अकराव्या कार्डाच्या तळाशी तयार होती आणि ती पाठ होती. ती पाठ राहावी म्हणून चार शब्दांची केली: "दोघांनाही, आमच्या सगळ्यांकडून, शुभेच्छा!" त्यातला शेवटचा शब्द मुद्दाम असा घेतला की लोकांना तो परत म्हणता येईल. टोस्टला लोकांचा प्रतिसाद लागतो, आणि तो कुठल्या शब्दावर द्यायचा ते त्यांना ऐकूनच कळायला हवं. ग्लास तो शब्द म्हणताना वर जातो, आधी नाही. आधी गेला तर अर्धे लोक वाक्य संपायच्या आतच ओरडतात. स्टेजवर शेजारी एक छोटं टेबल ठेवायला मी सकाळीच सांगून ठेवलं, आणि कार्डांचा दुसरा संच, तशीच कडी लावून, माझ्या पर्समध्ये ठेवला.

लग्नात दादा बोलला ते साडेपाच मिनिटं चाललं. वाढलेलं मिनिट सगळं लोकांनी घेतलं. 'हिनेच दिली'वर हसू आलं ते अपेक्षितच होतं. पण 'अकराव्या दिवशी'वर जे झालं ते मी धरलं नव्हतं. मी तिथे दोन रेघा ओढल्या होत्या त्या शांततेसाठी. त्या शांततेत भाची एकदम मोठ्याने म्हणाली, "बाबा, उशीर झाला तुम्हाला!" आणि सगळा हॉल हसला. दादा कार्ड खाली करून तिच्याकडे बघत थांबला, अंगठा बुटात दाबायचं विसरून, चांगले सातआठ सेकंद. मग पुन्हा कार्ड वर धरलं. रेघांच्या खालची ओळ एकटी, मोकळी, समोरच होती. त्याला ती शोधावी लागली नाही.

"आज ती इथे बसली आहे," त्याने वाचलं, आणि पुढचे शब्द वर बघून म्हटले.